साठ मुलं आणि एक टेबल: तिसरीच्या वर्गाच्या वेळनोंदी

सोमवार, १४ जुलै

तिसरीच्या दोन तुकड्या एकत्र झाल्याला आज दोन आठवडे झाले. ‘ब’ तुकडीच्या बाईंची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि मधली दुमडती लाकडी भिंत सरकवायचीही गरज पडली नाही, कारण ती मुळात नाहीच. ‘ब’ची मुलं दप्तरं घेऊन माझ्या खोलीत आली. पटावर साठ. मुलगे एकतीस, मुली एकोणतीस. एमआयडीसीच्या कडेचं गाव असल्यामुळे निम्म्या घरांत मराठी बोलली जात नाही.

खोलीत चौदा बाक मावतात. डावीकडे आठ, उजवीकडे दार आहे म्हणून सहा. एका बाकावर तीन, म्हणजे बेचाळीस मुलं बाकांवर. उरलेली अठरा फळ्यासमोर तीन बसकरपट्ट्यांवर, एकीवर सहा अशी. मी फिरू शकते ती मधल्या बोळातून, तीही आडवी होऊन.

आज शाळा सुटताना हिशेब केला तर गणिताच्या चाळीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्यक्ष शिकवणं बावीस मिनिटं झालं. बाकीची अठरा मिनिटं मुलं दंगा करत होती असंही नाही. ती वाट बघत होती. कशाची, ते उद्यापासून लिहून ठेवणार आहे.

मंगळवार, १५ जुलै

मोबाईलचं घड्याळ हातात धरून बघितलं. मुलांचं सगळं लक्ष मोबाईलकडे, त्यामुळे तो प्रयोग दहा मिनिटांत बंद. आता भिंतीवरचं घड्याळ आणि टाचणवहीच्या मागच्या पानावर नोंद. नियम एकच: आधीचं काम संपल्याचं मी सांगितलं ती सुरुवात, आणि पुढच्या कामाचं पहिलं वाक्य मी बोलले तो शेवट. मधलं सगळं ‘गेलेलं’.

आजचा जमाखर्च असा. परिपाठ संपवून मैदानातून आत येऊन बसायला ८ मिनिटं. हजेरीला ६. दिवसभरात तीन वेळा विषय बदलला, दर वेळी साधारण ४, म्हणजे १२. तपासलेल्या वह्या वाटायला ८. मोठ्या सुट्टीची घंटा २:१५ ला झाली आणि पहिलं वाक्य २:२८ ला, म्हणजे १३. एकूण ४७ मिनिटं.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास सांगितले आहेत. रोज ४७ मिनिटं धरली तर वर्षाचे जवळजवळ १५७ तास होतात. आठशेतला पाचवा हिस्सा! त्याच परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक म्हटलं आहे. तो आकडा सबंध शाळेचा असतो, एका खोलीचा नव्हे, हे मला माहीत आहे. तरी वाचताना हसू आलं.

बुधवार, १६ जुलै

आज शिकवताना एक गोष्ट लक्षात आली, आणि मला वाटतं या सगळ्या खटाटोपाचं मूळ तीच आहे. वर्ग तीस मुलांचा असताना मी ज्या गोष्टी स्वतः करायचे, त्याच अजूनही करते. प्रत्येकाचं नाव घेते, प्रत्येकाची वही हातात देते, प्रत्येकाची वही टेबलाशी तपासते. पाच सेकंदांचं काम साठ वेळा केलं की पाच मिनिटं गेली. मी कितीही झपाझप केलं तरी ते पाचाचं चार होईल, एक होणार नाही. जे काम माझ्या टेबलावरून जातं ते एकामागोमाग एक असंच जाणार. मुलांना गप्प बसवून यातलं एकही मिनिट परत मिळत नाही.

म्हणजे घाई करायची नाही, टेबल मधून काढायचं.

साठाचे सहा-सहाचे दहा गट करता येतात आणि आमची बसायची व्यवस्था त्याला आयती जुळते. मागेपुढे असलेले दोन बाक मिळून एक गट. डावीकडे चार गट, उजवीकडे तीन, आणि तीन पट्ट्यांचे तीन. आता जागा पक्क्या. कोण कुठे बसतं याचा तक्ता कार्डशीटवर करून दारामागे लावला. गप्पिष्ट जोड्या फोडल्या, पण सगळ्या फोडता आल्या नाहीत. साठात एकमेकांशी न बोलणारी मुलं पुरतच नाहीत.

शुक्रवार, १८ जुलै

सुरुवात वह्यांपासून केली, कारण तिथे मोजायला सोपं.

आजवरची पद्धत अशी: तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर, मी वरची वही उचलते, नाव वाचते, मूल उठतं, बाकावरच्या दोघांना ओलांडून बाहेर येतं, वही घेतं, परत जातं. एका वहीला आठ सेकंद. नाव पुसट असेल तर “ही कोणाची?” हा आणखी एक खेळ.

नवी पद्धत: प्रत्येक वहीच्या कव्हरवर उजव्या कोपऱ्यात स्केचपेनने गटाचा आकडा, मोठा. गोळा करताना बाकावरच्या आतल्या मुलाने वही मधल्याकडे द्यायची, मधल्याने दोन्ही बोळाकडच्याकडे. मागच्या बाकाच्या तीन वह्या पुढच्या बाकावर येतात आणि गटप्रमुख सहा वह्या घेऊन येतो. वाटप अगदी उलट क्रमाने.

आज पहिल्यांदा केलं. सात मिनिटं! आठाचे सात. कारण दहाच्या दहा गटप्रमुख एकदम टेबलाशी आले आणि तिथे एसटी स्टँड झालं. पट्टीवरची मुलं मध्ये सापडली, एकीच्या बोटांवर पाय पडला, ती रडली. टेबल मधून काढायचं असं परवाच लिहिलं होतं आणि आज दहा मुलं त्याच टेबलाशी बोलावली.

सोमवार, २१ जुलै

वह्या ठेवायच्या जागा वेगळ्या केल्या. डावीकडच्या चार गटांच्या वह्या खिडकीच्या कट्ट्यावर, उजवीकडच्या तीन गटांच्या दाराशेजारच्या मांडणीच्या खालच्या फळीवर, आणि पट्ट्यांच्या तीन गटांच्या फळ्याखाली जमिनीवर. माझ्या टेबलावर काही नाही. जुन्या साडीच्या दहा पट्ट्या फाडून आणल्या. सहा वह्यांना एक पट्टी, सुरगाठ, निरगाठ नाही. हे दोनदा दाखवावं लागलं.

आणखी एक बारीक बदल, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त वेळ त्यानेच वाचतो: वही देताना तपासायचं पान उघडं ठेवून द्यायची. सहाही वह्या उघड्या, एकीवर एक. पूर्वी मी घरी प्रत्येक वहीत पान शोधत होते. साठ वह्यांची पानं शोधण्यात माझी संध्याकाळची दहा-बारा मिनिटं जात होती. ती या हिशेबात धरलीच नव्हती.

तीन वेळा सराव घेतला, वह्या कोऱ्या असल्या तरी. वेळ ४ मिनिटं, ३, आणि २ मिनिटं १० सेकंद. चौथीचे सर दारातून म्हणाले, “मॅडम, आज वह्यांची कवायत का?” कवायतच होती. यात माझा एक तास गेला. तो दहा दिवसांत भरून निघेल असा हिशेब आहे.

बुधवार, २३ जुलै

वह्या वाटप १ मिनिट ४० सेकंद. याच्या खाली जाईल असं वाटत नाही, आणि जायची गरजही नाही.

परिपाठानंतर आत येण्याच्या आठ मिनिटांचं कारण सापडलं: चपला. साठ मुलं एका रांगेत येतात, दाराच्या पायरीवर पहिलं मूल वाकून सँडलचा पट्टा काढतं आणि मागे एकोणसाठ थांबतात. शिवाय पट्टीवरची मुलं उंचीने लहान म्हणून रांगेत पुढे. ती आधी आत येऊन बसतात आणि मग बेचाळीस मुलं त्यांच्या डोक्यांवरून उड्या मारत बाकांकडे जातात.

उद्यापासून शेवटचे बाक आधी, पट्ट्या शेवटी. चपला दारात काढायच्या नाहीत. व्हरांड्याच्या भिंतीलगत खडूने दहा चौकोन आखले, गटाच्या चौकोनापाशी चपला काढायच्या आणि मग चालत यायचं. पाऊस आला की खडू पुसला जाईल. व्हरांडा अर्धाच झाकलेला आहे.

शुक्रवार, २५ जुलै

खडू पुसला गेला. ऑइलपेंटचा उरलेला अर्धा डबा मुख्याध्यापकांकडून मागून घेतला. आत येणं साडेतीन मिनिटांवर.

सोमवार, २८ जुलै

आता विषयबदल. दिवसाला बारा मिनिटं इथे जातात आणि इथेच माझी समजूत सगळ्यात चुकली.

मला वाटायचं मुलं ऐकत नाहीत. आज मी स्वतःचं बोलणं ऐकलं. मी म्हणते, “चला, भाषेची पुस्तकं आत ठेवा, गणिताचं पुस्तक काढा, वही काढा, पान सत्तेचाळीस, आणि पट्टी असेल तर पट्टी पण बाहेर ठेवा.” यातल्या ‘चला’ला साठ मुलं हलतात. दप्तरांच्या चेन वाजतात, बाक सरकतात, आणि ‘पान सत्तेचाळीस’ त्या आवाजात बुडून जातं. मग पुढची तीन मिनिटं मी एकच वाक्य साठ मुलांना सुटं सुटं सांगते. “बाई, कितवं पान?” हे आज मी अठ्ठावीस वेळा ऐकलं. रेघा मारत होते.

म्हणजे सूचना आणि हालचाल एका वेळी नकोत. नवा क्रम: चालू विषयाची शेवटची पाच मिनिटं राहिली की मी फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, खडूच्या चौकटीत, पुढच्या विषयाच्या तीन गोष्टी लिहिते. पुस्तकाचं चित्र, वहीचं चित्र, पानाचा आकडा. तीनच. चौथी गोष्ट लागली तर ती नंतर. मग हात डोक्यावर. सगळे हात वर गेले की मी चौकट बोटाने दाखवते, एक मूल मोठ्याने वाचतं, आणि त्यानंतर ‘चला’. ‘चला’ हा शब्द आता दिवसात दुसऱ्या कशासाठी वापरायचा नाही. हे मलाच जड जातंय, ‘चला’ म्हटल्याशिवाय मला वाक्य सुरूच करता येत नाही असं दिसतं.

शिवाय दप्तरात हात घालायचाच नाही. सकाळी आल्यावर जेवणापर्यंतची पुस्तकं-वह्या बाकाच्या खालच्या फळीवर. पट्टीवरच्या मुलांना फळी नाही, त्यांची दप्तरं भिंतीला आणि पुस्तकं स्वतःच्या मांडीखाली. पुस्तकावर बसायचं म्हटल्यावर दोघांनी विचारलं, “विद्येवर बसलं तर पाप लागेल ना बाई?” त्यावर मी पुस्तकं डाव्या हाताला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ठेवायला सांगितली.

गुरुवार, ३१ जुलै

विषयबदल २ मिनिटं, कधी सव्वादोन. चार होते.

लवकर तयार होणाऱ्यांचं काय, हा प्रश्न लगेच आला. चाळीस मुलं मिनिटभरात तयार असतात आणि मग ती शेजाऱ्याला तयार होऊ देत नाहीत. म्हणून चौकटीखाली तीन उदाहरणं लिहून ठेवते, कालचीच, सोपी. तयार झालेल्याने लिहायला लागायचं. ती तपासत नाही. शेवटचा येईपर्यंत थांबायचं नाही हेही ठरवलं. दहापैकी आठ गटांचे प्रमुख हात वर करतात, मी शिकवायला लागते.

उरलेल्या दोन गटांत रोज तीच चार-पाच मुलं उशिरा. त्यांना “आटपा रे” म्हणून काही होत नाही. उद्या त्यांच्याजवळ उभी राहून बघणार.

शुक्रवार, १ ऑगस्ट

बघितलं. एकाच्या दप्तराची चेन तुटलेली आहे, सगळं सुतळीने बांधलेलं, गाठ सोडायला वेळ लागतो. त्याला मांडणीत एक खण दिला. एकीला चष्मा लागलाय असं वाटतं, चौकट दिसतच नव्हती. तिला पुढे आणलं आणि आरोग्य तपासणीच्या यादीत नाव घातलं.

तिसरा हजेरी क्रमांक सतरा. हा पुस्तक सगळ्यांबरोबर काढतो आणि मग पहिल्या पानापासून एकेक पान उलटत बसतो. मी शेजारी बसले. पान सत्तेचाळीस हवं होतं, तो चौऱ्याहत्तरवर थांबला आणि माझ्याकडे बघून हसला. “हे बघा, सात आणि चार.” मी बेचाळीस, बावीस, बत्तीस विचारलं. तिन्ही त्याला एकच वाटतात. घरी भोजपुरी बोलतात, शाळेत मराठी संख्यानावं, आणि आपली संख्यानावं एकक आधी बोलतात, दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी नावं आली तेव्हा केवढा वाद झाला होता. मीही तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांत होते. आता हा मुलगा माझ्यासमोर बसला आहे.

म्हणजे हा मुलगा आळशी नव्हता. दोन अंकी संख्या वाचता न येणं रोज तीनदा, सगळ्यांसमोर, दोन-दोन मिनिटं दिसत होतं आणि मी त्याला ‘रेंगाळणं’ म्हणत होते. आता पानाचा आकडा मी “चार-सात, सत्तेचाळीस” असा दोन्ही प्रकारे सांगते, आणि सगळ्या गणिताच्या पुस्तकांत दोऱ्याची खूण शिवून घेतली. दुसरी चाचपणी सोमवारी: पान शोधायला उशीर करणारी आणखी किती आहेत?

सोमवार, ४ ऑगस्ट

नऊ. साठात नऊ मुलांना शंभराच्या आतला आकडा ऐकून पान सापडत नाही. त्यांच्यासाठी दुपारची पंधरा मिनिटं वेगळी काढली. काढली म्हणजे वाचलेल्यातूनच काढली, नाहीतर कुठून येणार होती?

आज हजेरीही बदलली. साठ नावं आणि साठ “हजर बाई” यांना सहा मिनिटं लागतात. आता जागा पक्क्या आहेत, तर रिकामी जागा म्हणजे गैरहजर. गटप्रमुख गैरहजरांचे हजेरी क्रमांक सांगतात, मी हजेरीपटात खुणा करते. दीड मिनिट.

बुधवार, ६ ऑगस्ट

दीड मिनिटाची हजेरी आज अंगाशी आली. पट्टीवरची एक मुलगी पुढे दिसत नाही म्हणून मागच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली. त्या गटाने सहा हजर सांगितले, आणि पट्टीवरच्या गटप्रमुखाने तिची गैरहजेरी सांगितलीच नाही, कारण “ती आलीय ना बाई, ती काय तिथे.” हजेरीपटात हजर ५८, प्रत्यक्षात ५७. पोषण आहाराच्या नोंदवहीतला आकडा हजेरीपटाशी जुळावा लागतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. एका मुलाने भात कमी-जास्त होत नाही, पण दोन वह्यांतले आकडे वेगळे निघाले तर खुलासा मला लिहून द्यावा लागतो. मावशी साडेअकराला आकडा विचारायला येतात तेव्हा तो पक्का हवा.

उपाय साधा: खुणा झाल्या की मी बोळातून एकदा चालत डोकी मोजते. अर्धं मिनिट. एकूण दोन.

एक गोष्ट मात्र हातातून गेली. ‘ब’ तुकडीतून आलेली एक मुलगी आहे, जी दिवसभरात फक्त “हजर बाई” म्हणायची. तो तिचा एकमेव आवाज होता आणि तो मी वेळ वाचवायला काढून टाकला. म्हणून आता रोज एका गटाची हजेरी नावाने घेते, आणि “हजर”ऐवजी उत्तर द्यायचं, काल रात्री काय जेवलात असं काहीतरी. दहा गट, दहा दिवसांनी प्रत्येकाची पाळी. त्या मुलीची पाळी शुक्रवारी आहे.

सोमवार, ११ ऑगस्ट

ती म्हणाली, “लिट्टी.” मग दोन मिनिटं अख्ख्या वर्गाला लिट्टी म्हणजे काय ते समजावण्यात गेली. ती ‘गेलेल्या’ रकान्यात लिहिली नाहीत.

आता मोठी सुट्टी. घंटेनंतरची तेरा मिनिटं. मला वाटत होतं हात धुण्याची रांग. चार नळ, त्यांतला एक कायम कोरडा. आज जेवताना बाहेर उभी राहिले. जेवणाआधी हात धुणं भराभर होतं, जाळीच्या पिशवीत बांधलेला साबण, एकाला पंधरा-वीस सेकंद. वेळ लागतो तो नंतर, ताटं धुताना. एक मूल ताट धुताना पस्तीस सेकंद नळ अडवतं. साठ ताटं, तीन नळ: एका नळावर वीस ताटं, म्हणजे जवळजवळ बारा मिनिटं, आणि तेही इतर कोणता वर्ग नसताना. माझी तेरा मिनिटं तिथेच होती.

नळ वाढवणं माझ्या हातात नाही. नळापासून काम दूर नेणं आहे.

बुधवार, १३ ऑगस्ट

तीन टब मांडले. पहिल्यात उष्टं (खरं तर ती बादली, एक पालक म्हशींसाठी घेऊन जातात), दुसऱ्यात राखेने घासणं, तिसऱ्यात विसळणं. टबाभोवती एका वेळी सहा मुलं बसतात. ओळीने नव्हे, गटाने. नळ फक्त शेवटच्या पाण्यासाठी, पाच सेकंद. मावशींना आधी वाटलं मी त्यांच्या कामात लुडबुड करतेय. “टब कोण भरणार, बाई?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. दोन मोठे मुलगे सुट्टीआधी पाच मिनिटं टब भरतात, असं ठरलं. ती दोघांची पाच मिनिटं मी वर्गाच्या खात्यातून खर्च करते.

विसळायचं पाणी तिसऱ्या गटानंतर बदलावं लागतं, नाहीतर ताटाला तेलकट थर राहतो. बोट फिरवून बघायचं, सरकलं नाही तर स्वच्छ. ते मुलांनाच शिकवलं.

२:१५ ची घंटा, पहिलं वाक्य २:२०.

सोमवार, १८ ऑगस्ट

सतत पाऊस. अंगणात चिखल, टब व्हरांड्यात आणले, पाणी वर्गात आलं, पट्ट्या भिजल्या. आज १५ मिनिटं. पावसाच्या दिवशी यावर माझ्याकडे उपाय नाही. अशा दिवशी जेवणानंतर गोष्ट सांगायची, म्हणजे उशिरा येणाऱ्याचं काही बुडत नाही, एवढंच ठरवलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

गटप्रमुखांची तक्रार आली, म्हणजे त्यांच्याबद्दलची. गट तीनचा प्रमुख वही उशिरा देणाऱ्याच्या डोक्यात टपली मारतो. मी विचारलं तर म्हणाला, “तुम्हीच म्हणालात ना, आपला गट पहिला आला पाहिजे.” मी तसं म्हटलं होतं, दुसऱ्या आठवड्यात, उत्साहाच्या भरात. गटांची शर्यत लावली की दहा सेकंद वाचतात आणि सर्वांत सावकाश मुलाच्या डोक्यात टपली बसते. शर्यत बंद. प्रमुख दर सोमवारी बदलणार, बाकावरच्या क्रमाने, सतरा नंबरही होणार. वह्यांचा वेळ १:४० वरून दोन मिनिटांवर गेला. चालेल.

लघवी-पाण्याचं लिहायचं राहिलं. दाराशी दोन लाकडी बिल्ले टांगले आहेत, एक मुलींचा, एक मुलग्यांचा. बिल्ला जागेवर असेल तर न विचारता घेऊन जायचं. “बाई, जाऊ?” हा प्रश्न दिवसात तीस-चाळीस वेळा यायचा, तो संपला. पेन्सिलींसाठीही तसंच: टोक केलेल्या दहा पेन्सिलींचा डबा, मोडली की बदलून घ्यायची, टोकं सुट्टीत.

सोमवार, ८ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्ट्यांनंतर सगळं विस्कटलं. चपला दारात, ‘चला’ला कोणी हलेना, आणि नंतर सगळे एकदम हलले. ४० मिनिटं गेली. वैतागून उपयोग नाही. उद्या सकाळी पुन्हा वह्यांची कवायत, एक तास.

बुधवार, १० सप्टेंबर

दोन दिवसांत परत आलं. पहिल्यांदा तीन आठवडे लागले होते. आजचा जमाखर्च: आत येणं ३, हजेरी २, विषयबदल तीन मिळून ६, वह्या २, सुट्टीनंतर ५. एकूण १८. ४७ होते.

वाचलेल्या एकोणतीस मिनिटांतली पंधरा त्या नऊ मुलांना. त्यांतली चार आता पान शोधतात. सतरा नंबर ‘बावीस’ आणि ‘बत्तीस’ला अजून अडखळतो, पण ‘सत्तेचाळीस’ त्याला कधीच चुकत नाही.

टेबलाशी वह्या तपासण्याची रांग मात्र मला तोडता आलेली नाही. बोळात फिरून रोज दोन गट तपासते, बाकीच्यांचं जोडीदार बघतो. पण मी खुर्चीवर टेकले की पाच मिनिटांत आठ मुलं भोवती. त्यांना बरोबरची खूण माझ्याच हाताची हवी असते. खुर्ची काढून टाकावी का?

शुक्रवार, १२ सप्टेंबर

साडेअकराला मुख्याध्यापक एका मुलाला घेऊन दारात उभे. वडील कालच कंपनीत लागले, दाखला मागाहून येईल, तोवर बसवून घ्या. पटावर एकसष्ट.

दहा गट सहा-सहाचे, एकसष्टावा कुठे? बाकावर चौथा मावत नाही. नऊ नंबरच्या पट्टीला म्हटलं, “सरका रे.” सरकले. साडीच्या पट्टीची गाठ सात वह्यांना पुरते का ते बघितलं, पुरते. व्हरांड्यात त्याने चपला दारातच काढल्या. मी काही बोलायच्या आत सतरा नंबर उठला, त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला आणि पेंटने काढलेला नऊचा चौकोन बोटाने दाखवला.